फी भरण्याआधी जाहिराती मोजणे

पैसे भरून मिळवायच्या प्रमाणपत्राची किंमत वसूल होईल की नाही, हे ठरवण्यासाठी एकच आकडा सर्वांत जास्त उपयोगी पडतो. प्रमाणपत्र नसल्यामुळे ज्या जागांसाठी अर्ज करता येत नाही आणि ते मिळताच करता येईल, अशा जागा किती? क्लासच्या माहितीपत्रकात हा आकडा नसतो. तिथे आजवर किती जण उत्तीर्ण झाले आणि प्रमाणपत्रधारकांचा सरासरी पगार किती, एवढेच असते. सरासरी पगाराच्या आकड्यात दहा-पंधरा वर्षांचा अनुभव असलेलेही धरलेले असतात. त्यांच्या पगारातला किती भाग अनुभवाचा आणि किती प्रमाणपत्राचा, हे त्यातून वेगळे काढता येत नाही. हवा असलेला आकडा नोकरीच्या जाहिरातींत असतो आणि तो स्वतः मोजून काढावा लागतो.

काही प्रमाणपत्रांच्या बाबतीत मोजणीची गरजच पडत नाही, कारण तिथे नियमच असतो. महाराष्ट्र शासनाच्या लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी टंकलेखनाचा वेग मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजीचा ४० शब्द असल्याचे शासकीय प्रमाणपत्र लागते. म्युच्युअल फंड विकायचे तर एनआयएसएमची परीक्षा द्यावी लागते आणि दर तीन वर्षांनी ते प्रमाणपत्र नवे करावे लागते. अशा ठिकाणी शंभरातल्या शंभर जागा प्रमाणपत्र मागतात. तेव्हा विचार एवढाच उरतो, की मुळात जागा किती निघतात.

खरी अडचण येते ती नियम नसलेल्या क्षेत्रांत, आणि त्यांत माहिती तंत्रज्ञान सर्वांत पुढे आहे. इथली प्रमाणपत्रे बहुधा ते तंत्रज्ञान विकणाऱ्या कंपन्याच देतात. ती घ्यायलाच हवीत असा कायदा नाही, तरी ‘याशिवाय नोकरी नाही’ हे वाक्य कॉलेजच्या कट्ट्यावर सतत ऐकू येते. पुण्यात या क्षेत्रातली मुलेमुली ज्याबद्दल हमखास विचारतात ते एक प्रमाणपत्र उदाहरणादाखल घेता येईल. ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेचे, म्हणजे एडब्ल्यूएसचे, ‘सॉल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट’. ही परीक्षा २०१३ पासून घेतली जाते. सध्याच्या आवृत्तीचा क्रमांक SAA-C03 असून १३० मिनिटांत ६५ प्रश्न सोडवायचे असतात. हजारपैकी ७२० गुण मिळाले की उमेदवार उत्तीर्ण होतो. प्रमाणपत्र तीन वर्षे चालते. परीक्षेला बसण्यासाठी पदवी किंवा अनुभव अशी कोणतीही अट नाही. ही बाब पुढे महत्त्वाची ठरते. ज्या परीक्षेला कोणीही बसू शकतो, त्या परीक्षेतल्या यशावर विसंबून नोकरी द्यायला कंपनी सहसा तयार होत नाही.

परीक्षेची फी १५० डॉलर आहे. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर १२,७५० रुपये होतात आणि १८ टक्के जीएसटी धरून रक्कम १५,००० रुपयांच्या किंचित वर जाते. नापास झाल्यास १४ दिवस थांबून पुन्हा पूर्ण फी भरावी लागते. सरावासाठी क्लाउडवर सर्व्हर सुरू केला आणि बंद करायचा राहिला, तर त्याचेही बिल येते. क्लास लावला तर त्याची फी परीक्षेच्या फीच्या दुप्पट-तिप्पट सहज होऊ शकते. म्हणून खर्चाचे दोन आकडे वेगळे लिहून ठेवणे बरे : घरी अभ्यास करून येणारा आणि क्लास लावून येणारा. शेवटी निर्णय बरेचदा याच फरकावर येऊन थांबतो.

मोजणीत पहिली चूक होते ती शोध घेतानाच. नोकरीच्या संकेतस्थळावर जाऊन प्रमाणपत्राचेच नाव टाकले की शेकडो निकाल दिसतात आणि मागणी प्रचंड असल्याचा भास होतो. या निकालांना छेद नसतो. शेकडो जाहिराती प्रमाणपत्राचा उल्लेख करतात हे कळते, पण एकूण किती जाहिरातींपैकी, हे कळत नाही. शिवाय शोधयंत्रणा ‘एडब्ल्यूएस’ एवढा शब्द जुळला तरी जाहिरात पुढे करते आणि क्लासवाल्यांनी नोकरीच्या रूपात दिलेल्या जाहिरातीही त्यातच मिसळतात. म्हणून शोधायचे ते पदाचे नाव, प्रमाणपत्राचे नाही. ‘क्लाउड इंजिनिअर’, ‘डेव्हऑप्स इंजिनिअर’, ‘सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर’ अशी दोन-तीन नावे घ्यावीत, शहर निवडावे, अनुभवाची मर्यादा लावावी आणि गेल्या तीस दिवसांतल्या जाहिराती मागवाव्यात. आधी छेद ठरला, तरच त्यावरचा अंश काही सांगू शकतो.

पुण्यातल्या एका लहान कंपनीत दोन वर्षे सर्व्हर सांभाळणारी एखादी सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर डोळ्यांसमोर आणता येईल. लिनक्स तिला चांगले येते, एडब्ल्यूएसवर थोडे काम केले आहे आणि आता तिला क्लाउडची नोकरी हवी आहे. पुढचे आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत. प्रत्यक्षात प्रत्येकाचे आकडे वेगळे येतील. तिला महिन्याभरातल्या ११८ जाहिराती मिळाल्या असे धरू.

पहिले काम म्हणजे दुहेरी जाहिराती काढून टाकणे. आयटीतली एकच जागा भरण्याचे काम तीन-चार मनुष्यबळ पुरवठादारांकडे एकाच वेळी असते आणि प्रत्येकजण आपल्या नावाने जाहिरात टाकतो. कंपनीचे नाव दिलेले नसते. ‘आमच्या एका नामांकित बहुराष्ट्रीय ग्राहकासाठी’ एवढेच असते. अशा जाहिराती मजकुरावरून ओळखू येतात. अटींचा क्रम तोच, अनुभवाची मर्यादा तीच, आणि मूळ मजकुरातली शुद्धलेखनाची चूकही जशीच्या तशी उतरलेली असते. तीच जाहिरात दर पंधरा दिवसांनी नव्या तारखेने वर येते, तीही एकदाच धरायची. बायोडेटा गोळा करण्यासाठी वर्षभर उघड्या ठेवलेल्या जाहिरातीही असतात. त्यांत प्रकल्पाचा, संघाचा किंवा रुजू होण्याच्या मुदतीचा काहीच तपशील नसतो. हे सगळे गाळल्यावर ११८ च्या ८३ उरल्या.

मग अनुभवाची चाळणी. संकेतस्थळावर मर्यादा लावलेली असली तरी आतल्या मजकुरात ‘किमान पाच वर्षे’ लिहिलेले सापडते. पाच वर्षे मागणारी जागा प्रमाणपत्रही मागत असली, तरी दोन वर्षे अनुभवाच्या उमेदवाराला त्या प्रमाणपत्राने ती जागा मिळणार नाही. मोजणीत ती धरणे म्हणजे स्वतःची फसवणूक. शहर, अनुभव आणि पाळ्यांची वेळ हे सगळे जमणाऱ्या जाहिराती शेवटी ४१ निघाल्या. हाच छेद.

या ४१ जाहिराती शब्दन् शब्द वाचाव्या लागतात. वरच्या टॅगवर भागत नाही. जाहिरातीच्या तळाशी कौशल्यांच्या छोट्या चौकटी असतात आणि त्यांत ‘एडब्ल्यूएस सर्टिफिकेशन’ दिसले की मागणी आहे असे वाटते. वर मजकुरात पाहावे तर ‘सर्टिफिकेशन असल्यास उत्तम’ एवढेच असते, किंवा काहीच नसते. म्हणून प्रत्येक जाहिरातीला प्रमाणपत्राच्या बाबतीत तीनपैकी एक अक्षर द्यावे. M म्हणजे ते नसेल तर अर्जच नको. इंग्रजी जाहिरातीत तिथे ‘मस्ट हॅव’ किंवा ‘मँडेटरी’ असते. P म्हणजे ‘प्रिफर्ड’, ‘गुड टू हॅव’, ‘ॲडेड ॲडव्हान्टेज’. N म्हणजे उल्लेखच नाही. कुंपणावरची वाक्येही भेटतात. ‘एडब्ल्यूएस, अझ्युर किंवा गुगल यांपैकी कोणतेही एक’ असे लिहिले असेल, तर उमेदवाराकडे आधीच दुसरे प्रमाणपत्र आहे का ते पाहून अक्षर ठरवायचे. ‘प्रमाणपत्र किंवा तितका प्रत्यक्ष अनुभव’ असे असेल तर ते P, कारण अनुभवाने भागते.

त्याच वाचनात आणखी एक रकाना भरून घ्यावा. जाहिरातींत वारंवार येणारे आणि उमेदवाराला न येणारे एखादे कौशल्य निवडून त्यालाही हीच तीन अक्षरे द्यायची. या उदाहरणात ते टेराफॉर्म आहे. क्लाउडवरचे सर्व्हर, जाळे आणि साठवण यांची मांडणी कोडमध्ये लिहून एका आज्ञेत उभी करण्याचे हे साधन. ते शिकायला फी लागत नाही; घरच्या लॅपटॉपवर शिकता येते. प्रमाणपत्राची तुलना ‘काहीच न करणे’ याच्याशी करण्यापेक्षा तेच तीन महिने दुसऱ्या कशाला देण्याशी केली, तरच तिला अर्थ राहतो. तुलनेचा आकडा त्याच ४१ जाहिरातींत असतो.

स्प्रेडशीटमध्ये E हा रकाना प्रमाणपत्राचा आणि F हा टेराफॉर्मचा धरला, तर मोजणी अशी होते :

```
=COUNTIF(E2:E42,"M")
=COUNTIF(F2:F42,"M")
=COUNTIFS(E2:E42,"M",F2:F42,"<>M")
```

पहिल्या ओळीचे उत्तर आले २. म्हणजे ४१ पैकी दोनच जागा प्रमाणपत्राशिवाय अर्ज घेत नाहीत. आणखी ९ जाहिरातींत ते ‘असल्यास उत्तम’ या वर्गात आहे आणि ३० जाहिरातींत त्याचा उल्लेखही नाही. दुसऱ्या ओळीचे उत्तर १४. टेराफॉर्म चौदा जागांना हवेच आहे. निर्णय ठरवते ती तिसरी ओळ. प्रमाणपत्र सक्तीचे पण टेराफॉर्म सक्तीचे नाही, अशा जागा किती? उत्तर शून्य. प्रमाणपत्र मागणाऱ्या त्या दोन्ही जागा टेराफॉर्मही मागतात.

याचा अर्थ स्पष्ट आहे. आज तिला २७ जागांसाठी अर्ज करता येतो. फी भरून नुसते प्रमाणपत्र घेतले तरी हा आकडा २७ च राहतो. आधी टेराफॉर्म शिकली तर तो ३९ होतो. त्यानंतर प्रमाणपत्र घेतले तर उरलेल्या दोन जागा मिळून ४१. म्हणजे तेच प्रमाणपत्र आधी घेतले तर एकही नवी जागा खुली होत नाही आणि नंतर घेतले तर दोन होतात. कोणते कौशल्य कोणाच्या मागे घ्यायचे, हे नुसत्या एकूण मोजणीतून कधीच दिसत नाही. त्यासाठी दोन रकाने एकत्र पाहावे लागतात.

उरल्या त्या ‘असल्यास उत्तम’च्या ९ जाहिराती. यांना शून्यही धरता येत नाही आणि पूर्ण एकही धरता येत नाही. अर्ज करायला मज्जाव नसतो. शंभर अर्जांतून दहा निवडताना प्रमाणपत्र कदाचित कामी येते. इथे वरची मर्यादा काढणे हा सरळ मार्ग. उमेदवाराने स्वतःच्या जुन्या अर्जांचा हिशेब पाहावा. दहा अर्जांमागे एक मुलाखत येत असेल, तर या नऊ जागांतून महिन्याला साधारण एक मुलाखत आजही येईल. प्रमाणपत्राने ही शक्यता दुप्पट होते असे अगदी उदारपणे मानले, तरी महिन्याला जास्तीची एकच मुलाखत मिळते आणि तीन महिन्यांच्या शोधात जेमतेम तीन. घरी अभ्यास करून १५,००० रुपयांत परीक्षा देणाऱ्याला, टेराफॉर्म येत असेल तर, हा व्यवहार पटण्यासारखा आहे. क्लाससह पन्नास-साठ हजार मोजणाऱ्याला तो पटू नये. हे मत उदारपणे धरलेल्या आकड्यावरच बेतलेले आहे. दुपटीऐवजी दीडपट धरले तर मुलाखती निम्म्याच उरतात.

छोट्या मोजणीवर किती भरवसा ठेवायचा, हा पुढचा मुद्दा. ४१ पैकी २ म्हणजे सुमारे ५ टक्के. पण पुढच्या महिन्यात योगायोगाने चार-पाच निघू शकतात किंवा एकही नाही. संख्याशास्त्राच्या हिशेबाने एवढ्या नमुन्यावरून खरे प्रमाण एक टक्क्याच्या आतबाहेरपासून सोळा टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते. एकही जाहिरात प्रमाणपत्र मागत नसेल, तर हाताशी ठेवण्यासारखा एक साधा नियम आहे. ३ ला पाहिलेल्या जाहिरातींच्या संख्येने भागावे. ३० जाहिराती पाहिल्या आणि शून्य सापडल्या, तर खरी मागणी फार तर दहा टक्के असू शकते. १०० पाहून शून्य असेल तर फार तर तीन टक्के. दहा जाहिराती चाळून ‘कोणी मागतच नाही’ म्हणणे घाईचे ठरते. म्हणून चार आठवड्यांनी दुसरी फेरी करावी आणि दोन्ही फेऱ्यांची बेरीज धरावी. दुसऱ्या फेरीत जुन्याच जाहिराती पुन्हा मोजल्या जाणार नाहीत, एवढे पाहावे.

मोजणी कुठे करायची हेही तितकेच महत्त्वाचे. परदेशातल्या लोकांनी दिलेला सल्ला पुण्यात लागू पडेलच असे नाही. कॉम्पटियाचे ‘सिक्युरिटी प्लस’ हे प्रमाणपत्र त्याचे चांगले उदाहरण आहे. अमेरिकेत त्याला मोठी मागणी आहे आणि तिचे एक मोठे कारण सरकारी आहे. तिथल्या संरक्षण खात्याने २००५ सालच्या नियमपुस्तिकेत माहिती सुरक्षेचे काम करणाऱ्यांसाठी मान्य प्रमाणपत्रांची यादी ठरवून दिली आणि हे प्रमाणपत्र त्या यादीत होते. आता त्या नियमांची जागा नव्या नियमांनी घेतली असली, तरी प्रमाणपत्राचे स्थान टिकून आहे. खात्याची कामे घेणारे ठेकेदारही मग आपल्या जाहिरातींत ते मागतात. हिंजवडीतल्या नोकरीला तो नियम लागू नाही. अमेरिकेतल्या जाहिराती मोजून इथली फी भरणारा उमेदवार तिथल्या सरकारी नियमाचा खर्च स्वतःच्या खिशातून करतो. याउलट ज्याला खरोखर आखाती देशात किंवा युरोपात जायचे आहे, त्याने तिथल्याच जाहिराती मोजाव्यात, आणि त्यांतही परदेशी उमेदवाराला घेणाऱ्या तेवढ्याच.

जाहिरातीत न दिसणारी मागणीही असते. क्लाउडचे काम करून देणाऱ्या सल्लागार कंपन्या एडब्ल्यूएसच्या भागीदार असतात. भागीदारीची वरची पायरी गाठण्यासाठी त्यांच्याकडे ठरावीक संख्येने प्रमाणपत्रधारक कर्मचारी असावे लागतात. अशा कंपनीच्या जाहिरातीत प्रमाणपत्राचा उल्लेख नसला, तरी दोन सारख्या उमेदवारांत प्रमाणपत्रधारक पुढे जाऊ शकतो. म्हणून ४१ जाहिरातींपुढे आणखी एक खूण करता येते : कंपनी भागीदार आहे की नाही. भागीदार कंपन्यांची यादी एडब्ल्यूएसच्या संकेतस्थळावर उघड असते. कंपनीची गरज असते तेव्हा परीक्षेची फी बरेचदा कंपनीच भरते. म्हणून अशा ठिकाणी नोकरीत असलेल्याने फी खिशातून भरण्याआधी वरिष्ठांना विचारावे. नोकरी लागल्यावर कंपनीच्या खर्चाने मिळणारी गोष्ट आधी स्वतःच्या पैशाने विकत घेणे, हा जास्तीचाच खर्च.

‘सक्तीचे’ हा शब्द कितपत खरा आहे, हे तपासण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे M मिळालेल्या जागांना प्रमाणपत्र नसताना अर्ज करून पाहणे. बाकीच्या अटी पूर्ण असताना तिथून मुलाखतीचे बोलावणे आले, तर ते अक्षर P करावे. जाहिरात लिहिणारा मनुष्यबळ विभाग आणि निवड करणारा तांत्रिक प्रमुख वेगवेगळे असतात आणि दुसऱ्याला प्रमाणपत्राची फिकीर नसते, असे अनेकदा आढळते. दुसरा मार्ग म्हणजे त्या कंपनीत त्याच पदावर गेल्या वर्षभरात रुजू झालेल्यांचे लिंक्डइनवरचे पान पाहणे. तिथे प्रमाणपत्राची तारीख दिलेली असते. ती रुजू होण्याच्या आधीची असेल तरच मोजायची. नंतरची असेल तर बहुधा कंपनीनेच ते करून घेतले आहे.

एवढी मोजणी दोन-तीन संध्याकाळींत होते. ४१ जाहिराती नीट वाचायला प्रत्येकी चार-पाच मिनिटे धरली तर साडेतीन तासही लागत नाहीत. दुहेरी जाहिराती शोधायला तेवढाच वेळ लागतो. परीक्षेच्या अभ्यासाला लागणाऱ्या तासांच्या मानाने हा वेळ अगदीच थोडा.

प्रमाणपत्र घेतल्यावरही हे काम संपत नाही, कारण तीन वर्षांनी त्याची मुदत संपते. नूतनीकरणाच्या वेळी जुना तक्ता उपयोगी पडत नाही. उमेदवाराकडे तोवर पाच वर्षांचा अनुभव असतो, त्याच्या योग्यतेच्या जाहिराती वेगळ्या असतात आणि पहिल्या वेळी अनुभवाच्या चाळणीत गळालेल्या ४२ जाहिरातींसारख्याच जाहिराती आता त्याच्या छेदात येतात. त्या जाहिरातींत असोसिएट पातळीचे प्रमाणपत्र पुरते की वरची पातळी मागतात, की अनुभवापुढे दोन्ही गौण ठरतात, ते पुन्हा E या रकान्यात अक्षरे भरूनच कळते.